लहान यंत्रे आणि जड शिष्टाचार

अमेरिकेच्या ईशान्य टोकास मेन नावाचे राज्य आहे. त्याच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर अटलांटिक महासागरात ग्रेट डक नावाचे एक लहानसे बेट आहे. या बेटावर लीच्स स्टॉर्म पेट्रेल नावाचे समुद्रपक्षी जमिनीत बिळे करून अंडी घालतात. या पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांपुढे एक जुनीच अडचण होती. बिळात काय चालले आहे हे पाहावयास माणूस जवळ गेला, की ज्या जीवनक्रमाचा अभ्यास करावयाचा त्यातच व्यत्यय येतो. सन 2002 च्या उन्हाळ्यात बर्कली येथील संशोधकांनी आणि कॉलेज ऑफ द अटलांटिकच्या अभ्यासकांनी मिळून या बेटावर 32 लहान यंत्रे बसविली. तापमान, आर्द्रता यांसारख्या गोष्टी मोजावयाच्या आणि त्या बिनतारी संदेशाने कळवावयाच्या, एवढेच त्यांचे काम. अशा यंत्रास आपण संवेदक-नोड किंवा नुसते नोड म्हणू.

या नोडची ऐपत किती होती, ते ऐकण्यासारखे आहे. काम करताना लागणारी स्मृती, जिला रॅम म्हणतात, ती अवघी 4 किलोबाइट. आज्ञावली साठविण्यास 128 किलोबाइट. आणि सर्व कारभार दोन लहान बॅटरी-सेलांवर. त्यांनी मोजलेले आकडे उपग्रहामार्गे इंटरनेटवर पोचत होते, हे खरे. पण नोड स्वतः इंटरनेटची भाषा बोलत नव्हते. ते आपापसात एक घरगुती बोली बोलत, आणि बेटावरील एक मोठा संगणक मध्यस्थ होऊन ती बोली इंटरनेटच्या भाषेत सांगत असे.

या मध्यस्थाची गरज का पडावी, ती कशी कमी झाली, आणि ती कमी करताना कोणती किंमत मोजावी लागली, याचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. दुभाष्या ठेवण्यात वरवर पाहता काही गैर नाही. परंतु प्रत्येक कारखानदाराने आपली स्वतंत्र बोली निर्माण केली, की प्रत्येक बोलीस स्वतंत्र दुभाष्या लागतो. त्या दुभाष्यास प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक असावा लागतो, आणि तो बंद पडला की त्याच्या मागे असलेली सारी यंत्रे मुकी होतात. नवे यंत्र आणले, की दुभाष्याला पुन्हा शिकवावे लागते. म्हणून लहान यंत्रास इंटरनेटची भाषा प्रत्यक्ष बोलता यावी, अशी खटपट सुरू झाली. त्या भाषेतील जो भाग यंत्रास पेलत नव्हता, त्याचा उगम पाहण्यासाठी आपल्याला काही दशके मागे जावे लागेल.

विंटन सर्फ आणि रॉबर्ट काह्न यांनी 1974 साली एक निबंध प्रसिद्ध केला. निरनिराळी संगणक-जाळी एकमेकांस कशी जोडावी, याचा आराखडा त्यात होता. त्या आराखड्यात सर्व कामे एकाच शिष्टाचाराकडे, म्हणजे प्रोटोकॉलकडे सोपविली होती. मजकुराचे तुकडे, ज्यांना पॅकेट म्हणतात, ते पत्त्यावर न्यावयाचे तोच, आणि हरवलेले पुन्हा पाठवून, मागेपुढे झालेले क्रमाने लावून, सारे बिनचूक पोचवावयाचे तोही तोच. कागदपत्रे पाठविण्यास ही व्यवस्था उत्तम. पण त्याच सुमारास जाळ्यावरून माणसाचा आवाज पाठविण्याचे प्रयोग चालू होते, आणि आवाजाचा अनुभव निराळा होता. बोलण्यातील एखादा क्षण हरवला, तर तो उशिरा आणून देण्यात अर्थ नसतो. तोवर वाक्य पुढे गेलेले असते. डॅनी कोहेन यांच्यासारख्या आवाजावर काम करणाऱ्यांनी आग्रह धरला, की पत्त्यावर नेण्याचे काम निराळे काढावे आणि खात्रीचे काम ज्याला हवे त्यानेच घ्यावे.

हा आग्रह मान्य झाला. 1978 च्या सुमारास मूळ शिष्टाचाराची फाळणी झाली. नेण्याचे काम आयपीकडे आले, खात्रीचे काम टीसीपीकडे राहिले. ज्यांना खात्री नको होती त्यांच्यासाठी जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट 1980 मध्ये यूडीपीचा नियम लिहिला. हा नियम अवघ्या तीन पानांचा आहे. प्रत्येक पॅकेटवर 8 बाइटांची एक चिठ्ठी लावावयाची. कोणत्या दारातून निघाले, कोणत्या दाराला जावयाचे, लांबी किती, आणि मजकूर बिघडला काय हे ओळखण्याची एक बेरीज, एवढेच त्या चिठ्ठीवर असते. पोचले की नाही, याची चौकशी यूडीपी करीत नाही.

टीसीपीचे वागणे याच्या अगदी उलट. तो बोलण्यापूर्वी ओळख करून घेतो: एक पॅकेट जाते, एक परत येते, तिसरे पुन्हा जाते, आणि मग मुख्य विषयास हात घातला जातो. बोलणे संपल्यावर निरोप घेण्याचाही असाच विधी आहे. आणि या साऱ्या वेळात दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावे लागते, की किती बाइट गेले, कितींची पोच आली, आणि ज्यांची पोच आली नाही त्यांची प्रत कोठे जपून ठेवली आहे. मोठ्या संगणकास हे ओझे जाणवतही नाही. ज्याच्यापाशी चारच किलोबाइट स्मृती आहे, त्याच्या घरात मात्र ही पाहुण्यांची वही ठेवावयासच जागा उरत नाही.

तरीही लहान यंत्रास टीसीपी मुळीच बोलता येणार नाही, ही समजूत स्वीडनमधील अ‍ॅडम डंकेल्स यांनी खोटी ठरविली. या शतकाच्या आरंभी त्यांनी यूआयपी नावाची एक आज्ञावली लिहिली आणि 2003 साली तिच्याविषयी निबंध वाचला. काही किलोबाइट आज्ञा आणि काही शे बाइट स्मृती एवढ्यात त्यांनी आयपी आणि टीसीपी दोन्ही बसविले. त्यांची युक्ती साधी होती. एका संभाषणात एका वेळी एकच पॅकेट वाटेवर ठेवावयाचे. त्याची पोच आल्यावाचून दुसरे सोडावयाचे नाही. शिवाय पाठविलेल्याची प्रत जपावयाची नाही. ते हरवलेच, तर मूळ कामाच्या आज्ञावलीने तो मजकूर नव्याने तयार करून द्यावयाचा.

पण या काटकसरीचा हिशेब दुसऱ्या वहीत निघाला. मोठ्या संगणकांस एक सवय आहे: एकच पॅकेट आले तर लगेच पोच द्यावयाची नाही, आणखी एखादे येते काय म्हणून थोडे थांबावयाचे. हे थांबणे पुष्कळदा एक-पंचमांश सेकंदाचे असते. आता इकडे लहान यंत्र पोच आल्यावाचून पुढचे पॅकेट सोडीत नाही, आणि तिकडे मोठा संगणक पुढचे पॅकेट येण्याची वाट पाहत पोच रोखून धरतो. परिणाम असा, की सेकंदाला पाचाहून अधिक पॅकेटे जाऊच शकत नाहीत, मग तार कितीही वेगवान असो. दोघेही नियमाप्रमाणे वागतात आणि काम मात्र रखडते.

स्मृतीहून मोठी अडचण बॅटरीची होती. बिनतारी नोडमध्ये सर्वांत खर्चिक भाग म्हणजे रेडिओ. त्या काळी संशोधकांत प्रिय झालेल्या टेलॉसबी नावाच्या नोडचा रेडिओ घेऊ. तो बोलताना सुमारे 17 मिलिअँपियर वीज घेई, आणि नुसता कान देऊन बसला तरी सुमारे 19. म्हणजे ऐकणे बोलण्याहून महाग. अडीच हजार मिलिअँपियर-तास क्षमतेच्या सेलांवर तो रेडिओ अखंड उघडा ठेवला, तर साडेपाच दिवसांत सेल रिकामे होतात. वर्षभर काम करावयाचे असेल, तर यंत्राने बहुतेक सर्व वेळ झोपून काढला पाहिजे. मग एक आकडा सांगण्यासाठी ओळख, विचारणा, उत्तर, निरोप अशी आठ-नऊ पॅकेटे का खर्चावीत? प्रत्येक पॅकेटामागे केवळ ते पाठविण्याचा क्षण नसतो, त्याच्या उत्तराची वाट पाहत कान उघडे ठेवण्याचा काळही असतो. जड शिष्टाचाराचा खरा भार तेथे आहे.

तिसरी अडचण होती पॅकेटाच्या आकाराची. या नोडच्या बिनतारी बोलण्यासाठी 2003 साली एक मानक ठरले. त्याचे नाव आयईईई 802.15.4. त्यात एका वेळी जास्तीत जास्त 127 बाइट पाठविता येतात. उलट इंटरनेटच्या नव्या पत्ता-पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही6 मध्ये, प्रत्येक मार्गाने किमान 1280 बाइटांचे पॅकेट नेता आले पाहिजे, असा दंडक आहे. दहापट मोठा पेटारा चिंचोळ्या दारातून नेण्याची ही गोष्ट झाली. सप्टेंबर 2007 मध्ये आरएफसी 4944 या क्रमांकाच्या नियमाने यावर तोड काढली. मोठे पॅकेट तोडून तुकड्यांनी न्यावयाचे आणि पत्त्यातील पुनरुक्ती गाळावयाची, अशी ती व्यवस्था आहे. तिला सिक्सलोपॅन म्हणतात.

या नियमातच एक हिशेब आहे. तो थोडा पुढे नेऊन पाहू. 127 बाइटांतून बिनतारी जाळ्याचा स्वतःचा शिरोभाग जास्तीत जास्त 25 बाइट घेतो. उरले 102. मजकूर कुलूपबंद करावयाचा तर आणखी 21 जातात. उरले 81. आयपीव्ही6 च्या पत्त्यांचा शिरोभाग 40 बाइटांचा. उरले 41. आता यूडीपीची 8 बाइटांची चिठ्ठी लावली, तर मजकुरास 33 बाइट मिळतात. टीसीपीची किमान 20 बाइटांची चिठ्ठी लावली, तर मिळतात 21.

वेबवर माहिती मागण्याची जी भाषा आहे, ती एचटीटीपी. तिच्यात एखाद्या नोडला तापमान विचारावयाचे, तर कमीत कमी एवढे लिहावे लागते:

```
GET /temp HTTP/1.1
Host: n1
```

ओळी संपल्याच्या खुणा धरून हे 32 बाइट होतात. जागा आहे 21 बाइटांची. म्हणजे प्रश्नाचे पहिले वाक्यच एका पॅकेटात मावत नाही. ते तोडावे लागते, आणि तोडलेल्या तुकड्यांपैकी एक जरी हवेत हरवला, तरी सारे पॅकेट वाया जाते. पत्त्यांचा शिरोभाग आक्रसण्याची अधिक चांगली रीत 2011 साली आली, आणि जवळच्या दोन नोडांपुरता तो शिरोभाग 40 बाइटांवरून 2 बाइटांपर्यंत आणता आला. तेव्हा जागेची ओढ कमी झाली. पण ओळख आणि निरोपाचे विधी, आणि लांबलचक शब्द, हे तसेच राहिले.

येथे आपल्याकडील तारेची आठवण येणे साहजिक आहे. 2013 साली तार बंद झाली, तोपर्यंत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून लोक चार शब्दांत सारे कळवीत. पण तार लिहिणारा भाषा बदलीत नसे, तो भाषेतील पाल्हाळ काढी. नोडसाठी नेमके हेच करावयाचे होते. वेबची जी विचारण्याची रीत आहे ती ठेवावयाची आणि पाल्हाळ गाळावयाचा. या कामासाठी इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत 2010 साली एक गट स्थापन झाला. झॅक शेल्बी, तसेच जर्मनीतील ब्रेमेन विद्यापीठाचे क्लाउस हार्टके आणि कार्स्टन बोर्मन यांनी लिहिलेला नियम जून 2014 मध्ये आरएफसी 7252 म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचे नाव कोॲप.

या नियमाच्या आधी एकच महिना आणखी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यात लहान यंत्रांच्या पायऱ्या ठरविल्या आहेत. साधारण 10 किलोबाइट रॅम आणि 100 किलोबाइट साठवण असलेली ती पहिली पायरी. त्याहून पुष्कळ लहान ती शून्य पायरी. 50 आणि 250 किलोबाइट असलेली ती दुसरी. कोॲप मुख्यतः पहिल्या पायरीवरील यंत्रांसाठी आहे. ही यंत्रे पूर्ण वेबची भाषा सहज पेलू शकत नाहीत, पण दुभाष्यावाचून बोलण्याइतकी ती समर्थ आहेत.

आता तोच तापमानाचा प्रश्न कोॲपमध्ये कसा दिसतो, ते पाहू. संगणकात अंक षोडशमान पद्धतीने लिहितात, म्हणून मध्ये रोमन अक्षरे दिसतील. प्रश्न असा:

```
40 01 1A 2B B4 74 65 6D 70
```

हे नऊ बाइट. पहिला बाइट 40 सांगतो, की ही कोॲपची पहिली आवृत्ती आहे आणि या संदेशाची पोच हवी आहे. दुसरा, 01, म्हणजे GET, अर्थात 'द्या'. पुढील दोन, 1A 2B, हा संदेशाचा अनुक्रमांक. B4 म्हणजे पुढे चार अक्षरी मार्ग येत आहे, आणि शेवटचे चार बाइट म्हणजे temp ही अक्षरे. ज्या यंत्राला विचारावयाचे त्याचे नाव संदेशात पुन्हा लिहिलेले नाही, कारण ते पॅकेटाच्या पत्त्यावर आहेच. नोडचे उत्तर असे:

```
60 45 1A 2B FF 32 37 2E 35
```

60 म्हणजे ही पोच आहे. 45 म्हणजे 2.05, 'मजकूर सोबत आहे'. अनुक्रमांक तोच, 1A 2B. FF ही शिरोभाग संपल्याची खूण, आणि उरलेले चार बाइट म्हणजे 27.5. पोच आणि उत्तर एकाच पॅकेटात आले. एक पॅकेट गेले, एक आले, आणि नोड पुन्हा झोपला. त्यास कोणाचीही वही ठेवावी लागली नाही.

या भाषेत शब्द तेच आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. वेबमध्ये जे GET, PUT, POST, DELETE, तेच येथे एकेका अंकाने लिहिले आहेत. वेबवर न सापडलेल्या गोष्टीसाठी 404 असा अंक येतो, येथे 4.04. म्हणून वेब आणि नोड यांच्यामध्ये मध्यस्थ असलाच, तरी त्यास पक्षी, बीळ आणि आर्द्रता यांचा अर्थ कळावा लागत नाही. तो यांत्रिकपणे एका लिपीतून दुसऱ्या लिपीत उतरवितो. ग्रेट डक बेटावरील दुभाष्याहून हा वेगळा. तो फक्त लिपिक आहे.

परंतु यूडीपी तर पोचीची चौकशी करीत नाही. मग पॅकेट हरवले तर? कोॲपने खात्रीचे काम टाकून दिले नाही. त्याने ते संपूर्ण संभाषणाऐवजी एकेका संदेशापुरते केले. ज्या संदेशाची पोच हवी, त्याच्यावर तशी खूण करावयाची. नेहमीचे तापमान एकदा हरवले तरी चालते, म्हणून त्याला खूण नको. आगीची सूचना हरवून चालत नाही, म्हणून तिला खूण हवी. टीसीपीत असा विवेक करता येत नाही. तेथे प्रत्येक बाइट सारख्याच हट्टाने पोचविला जातो.

खूण केलेल्या संदेशाची पोच दोन ते तीन सेकंदांत आली नाही, तर पाठविणारा तोच संदेश त्याच अनुक्रमांकाने पुन्हा पाठवितो. मग थांबण्याचा काळ दुप्पट करतो, पुन्हा दुप्पट, पुन्हा दुप्पट. आरंभी दोन सेकंद थांबला असेल, तर पुनरावृत्ती दुसऱ्या, सहाव्या, चौदाव्या आणि तिसाव्या सेकंदाला होते, आणि बासष्टाव्या सेकंदाला तो आशा सोडतो. आरंभीचा काळ दोन आणि तीन सेकंदांच्या मध्ये कोठेही, दैवावर सोडून, निवडावयाचा असतो. कारण शंभर नोड एकाच क्षणी निराश झाले आणि एकाच क्षणी पुन्हा ओरडले, तर पुन्हा कोणाचेच ऐकू येणार नाही.

दुप्पट थांबण्याचा हा संयम कोॲपचा स्वतःचा नव्हे. तो टीसीपीकडून घेतलेला आहे, आणि टीसीपीनेही तो ठेच लागल्यावर अधिक गंभीरपणे घेतला. ऑक्टोबर 1986 मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांमधील वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर घसरला. अंतर होते 400 यार्ड. उत्तर येईना म्हणून प्रत्येक संगणक पुन्हापुन्हा पाठवी, आणि त्या पुनरावृत्तीनेच मार्ग तुंबे. व्हॅन जेकबसन यांनी 1988 साली यावरील उपाय मांडला: हरवले, तर गर्दी आहे असे समजून हात आखडावा. जड शिष्टाचार टाकताना कोॲपच्या कर्त्यांनी हा धडा टाकला नाही. एका यंत्राशी एका वेळी एकच प्रश्न उत्तरावाचून राहू द्यावा, हा नियमही त्याच धड्यातून आलेला आहे. यूडीपी हलका आहे म्हणून जे लोक स्वतःची पद्धत लिहितात आणि दर सेकंदाला पुन्हापुन्हा पाठवीत राहतात, ते 1986 चा प्रसंग आपल्या अंगणात पुन्हा घडवून आणतात.

आता या हलकेपणातून निघणारी एक चूक पाहू. समजा, शेतातील पाण्याच्या झडपेला एक नोड जोडला आहे. आपण आज्ञा पाठविली: 'झडपेची स्थिती बदल'. आज्ञा पोचली, झडप उघडली, पण परत येताना पोच हवेत हरवली. पाठविणारा समजतो की आज्ञाच पोचली नाही. तो ती पुन्हा पाठवितो. नोडने पहिला अनुक्रमांक लक्षात ठेवला नसेल, तर तो ही नवी आज्ञा समजतो आणि झडप बंद करतो. या वेळी पोच व्यवस्थित येते. पाठविणाऱ्याच्या वहीत 'काम झाले' अशी नोंद होते आणि शेत कोरडे राहते.

हा दोष ओळखावयाचा कसा? जाळ्यावरून जाणारी पॅकेटे टिपून घेतली, तर दोन-तीन सेकंदांच्या अंतराने तोच अनुक्रमांक दोनदा दिसतो. दोन्ही वेळा क्रमांक एक असून झडप दोनदा हलली असेल, तर नोडची स्मरणशक्ती कमी पडली. क्रमांक निराळे असतील, तर आज्ञाच कोणी दोनदा दिली. नियम सांगतो, की नेहमीच्या मापांप्रमाणे एक क्रमांक 247 सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून थोडे अधिक, पुन्हा वापरू नये. पण तेवढा काळ सर्व क्रमांक लक्षात ठेवावयाचे, तर पुन्हा वही आलीच. म्हणून त्याहून चांगला उपाय आज्ञेच्या शब्दांत आहे. 'स्थिती बदल' असे न म्हणता 'उघडी ठेव' असे म्हणावे. ही आज्ञा दोनदा ऐकली तरी परिणाम एकच होतो. तापमानाचा प्रश्न दोनदा विचारला तरी बिघडत नाही, तसेच हे. जे काम दोनदा केल्याने बदलत नाही, त्यासाठी स्मरणाची गरज उरत नाही. खात्रीचे ओझे शिष्टाचारावरून उतरले, ते आज्ञा लिहिणाऱ्या माणसावर आले.

दुसरी मर्यादा लांब मजकुराची. नोडची आज्ञावली बदलण्यासाठी 100 किलोबाइट पाठवावयाचे आहेत, असे धरा. लहान पॅकेटात मावावे म्हणून ते 64 बाइटांच्या तुकड्यांनी जातात. तुकडे होतात 1600. एक तुकडा, त्याची पोच, मग दुसरा, असे चालले आणि एका फेरीस अर्धा सेकंद लागला, तर सारे काम तेरा मिनिटे वीस सेकंद चालते. पोचीची वाट न पाहता अनेक तुकडे वाटेवर ठेवण्याचे टीसीपीचे कसब येथे आठवते. जाळे पेलणारे असेल, तर एका छोट्या प्रश्नासाठी जो शिष्टाचार जड, तो मोठ्या ओझ्यासाठी सोयीचा ठरतो.

तिसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ओळखीचा विधी निरर्थक नव्हता. टीसीपीत तीन पॅकेटे जाऊन-येऊन झाली, की समोरचा माणूस खरोखर त्या पत्त्यावर राहतो हे कळते. कोॲपमध्ये पहिल्याच पॅकेटास उत्तर जाते. आता एखाद्या दुष्टाने पॅकेटावर पाठविणाऱ्याचा पत्ता म्हणून दुसऱ्याच कोणाचा पत्ता लिहिला, तर? नोडजवळ काय काय आहे ते विचारण्याचा /.well-known/core असा एक ठरलेला मार्ग आहे. हा प्रश्न 21 बाइटांत मावतो, आणि उत्तराची यादी कित्येक शे बाइटांची असू शकते. ती यादी जाऊन आदळते ज्याने काहीच विचारले नव्हते त्याच्या दारावर. असे हजारो नोड एकाच वेळी फसविले, तर त्या बिचाऱ्याचे दार बंद पडते. हा धोका 2014 च्या नियमातच लिहिलेला आहे. अनोळख्यास आधी एक खूण पाठवावी आणि ती परत आली तरच मोठे उत्तर द्यावे, अशी तोड 2022 साली आरएफसी 9175 मध्ये ठरली. म्हणजे पुढच्या दाराने बाहेर घातलेली ओळख मागच्या दाराने, गरजेपुरती, पुन्हा आत आली.

गुप्ततेचीही हीच कथा. आरंभी कोॲपने डीटीएलएस नावाचे संरक्षण घेतले. त्यात पुन्हा ओळखीची अनेक पॅकेटे आणि प्रत्येक पाहुण्याची वही लागते. 2019 साली ऑस्कोर नावाची पद्धत आली. तिने प्रत्येक संदेश स्वतंत्रपणे कुलूपबंद केला, जेणेकरून मधल्या लिपिकाला पत्ता वाचता यावा पण मजकूर वाचता येऊ नये. आणि 2018 साली तर कोॲप टीसीपीवरून चालविण्याचाही नियम झाला. पुष्कळ कचेऱ्यांच्या जाळ्यांत यूडीपीला मज्जाव असतो, आणि मधली यंत्रे यूडीपीची वाट फार लवकर विसरतात, हे त्यामागील कारण. ज्या टीसीपीस टाळण्यासाठी सारी खटपट झाली, त्याच्याच खांद्यावर बसण्याची पाळी काही ठिकाणी आली.

तेव्हा, श्रोतेहो, लहान यंत्रे जड शिष्टाचार टाळतात ते खात्री नकोशी झाली म्हणून नव्हे. ओळख, पोच, क्रम, संयम आणि संरक्षण या पाच गोष्टी टीसीपीने आणि त्याच्या सोबत्यांनी एका गाठोड्यात बांधल्या होत्या. कोॲपने ते गाठोडे सोडले आणि एकेक वस्तू, लागेल तेव्हा आणि लागेल तेवढी, घेण्याची मुभा दिली. कोणती वस्तू घरी ठेवली आणि कोणती बरोबर घेतली, हे आता आज्ञा लिहिणाऱ्याने प्रत्येक यंत्रापुरते ठरवावयाचे आहे. तापमान विचारणाऱ्यास नऊ बाइट पुरतात. झडप उघडणाऱ्याने मात्र, आपली आज्ञा दोनदा ऐकली गेली तर काय होईल, हा प्रश्न पहिला संदेश सोडण्यापूर्वी स्वतःला विचारला पाहिजे.